किरमिजी, सकलाद आणि मरून

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. लेस्टरला असलेल्या पुतण्याने तिकडच्या एका कपड्यांच्या दुकानाचा छापील कॅटलॉग आमच्या वहिनींना पाठवला आणि भाऊबिजेसाठी त्यांच्या पसंतीचा स्वेटर कळवायला सांगितले. पान उघडले तर एकाच विणीचे तीन स्वेटर, तिन्ही लाल. खाली नावे मात्र निरनिराळी : क्रिमसन, स्कार्लेट, मरून. वहिनींनी शब्दकोश काढला. क्रिमसनपुढे ‘किरमिजी’ असे दिसताच त्यांनी तोच मागवला. आला तो पिवळसर झाक असलेला, झेंडूच्या शेजारी ठेवावा असा भडक लाल. किरमिजी रंगाला निळसर छटा असते हे आमच्या वहिनींना पैठण्या निरखून चांगले ठाऊक आहे. “मग शब्दकोश खोटा की दुकानदार?” असा त्यांचा रोकडा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मी बराच लांब गेलो, तेच इथे सांगतो.

शब्दकोश खोटा नाही. क्रिमसन आणि किरमिजी ही एकाच आजीची नातवंडे आहेत. भूमध्य समुद्राकाठी एक खुरटे ओकाचे झुडूप होते. त्याच्या फांद्यांना चिकटून बसणाऱ्या वाटाण्याएवढ्या मादी किड्याला अरब ‘किर्मिझ’ म्हणत. मुळात हा शब्द फारसीतल्या ‘किर्म’चा, म्हणजे किड्याचा, आणि आपला संस्कृत ‘कृमी’ त्याचा सख्खा भाऊ. अरबीतून तो स्पेन आणि इटलीमार्गे इंग्रजीत गेला, फारसीमार्गे आपल्याकडे उतरला. अंडी फुटण्याच्या आधी हे किडे खरवडून काढीत, सिरक्याने मारीत आणि वाळवीत. वाळल्यावर ते थेट धान्याच्या दाण्यासारखे दिसत, म्हणून युरोपातले व्यापारी त्यांना ‘दाणा’च म्हणत. पुष्कळांना ते खरोखरच झाडाचे फळ वाटे.

स्कार्लेटची कथा याहून मजेची. हा शब्द प्रथम रंगाचा नव्हताच, तो कापडाचा होता! मध्ययुगात इंग्लंडच्या उत्तम लोकरीपासून फ्लँडर्समध्ये एक महागडे कापड विणीत. ते घट्ट खुंदलून, पृष्ठभागावरची लव पुन्हापुन्हा कातरून रेशमासारखे मऊ करीत. त्याचे नाव स्कार्लेट. जुन्या हिशेबांत पांढरे, हिरवे आणि निळे स्कार्लेटही सापडते. पण असल्या किमती कापडाला किमतीच रंग शोभे, म्हणून ते बहुतेक वेळा त्या ‘दाण्या’त बुडवलेले असे. हळूहळू कापड विसरले गेले आणि रंग तेवढा नावाला चिकटला. या शब्दाच्या कुळाबद्दल पंडितांत वाद आहे. कोणी तो फारसी ‘सकल्लात’पासून आला म्हणतात, कोणी फ्लँडर्सच्या बोलीतला मानतात. ते काही असो, आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत विलायती लोकरी कापडाला ‘सकलाद’ म्हणत, ते या फारसी शब्दावरूनच. आपल्याकडची सकलाद मात्र शेवटपर्यंत कापडच राहिली, रंग झाली नाही.

आता वहिनींच्या स्वेटरचे मर्म. 1521 साली स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला, तेव्हा त्यांना तिथे निवडुंगावर वाढणारा दुसरा एक किडा मिळाला. त्याचे नाव कोचिनील. एक पौंड भरायला सुमारे सत्तर हजार वाळके किडे लागत. तरी किर्मिझपेक्षा त्याचा रंग इतका भरपूर उतरे, की थोड्याच काळात जुना किडा बाजारातून मागे पडला. तुरटीच्या पाण्यात उकळलेली लोकर कोचिनीलच्या काढ्यात बुडवली, की ती निळसर लाल निघे. हा खरा क्रिमसन. भडक स्कार्लेट काही केल्या साधेना.

तो साधला सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, लंडनमध्ये राहणाऱ्या कोर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच खटपट्याच्या हातून. खिडकीच्या कथलाच्या पट्टीवर तीव्र आम्ल सांडले आणि तिथून ते कोचिनीलच्या पाण्यात पडले, तोच पाणी लखलखीत लाल झाले, अशी एक आख्यायिका आहे. खरीखोटी कोण जाणे. असल्या शोधांना सांडलवंड फार सोयीची पडते. पण कथलाची करामत खरी. त्याच्या जावयांनी लंडनजवळ बो या गावी रंगशाळा काढून त्यावर व्यवसाय केला.

म्हणजे किडा एकच, रंगद्रव्य एकच. तुरटी घातली तर क्रिमसन, कथील घातले तर स्कार्लेट, आणि चुकून लोखंडाचा स्पर्श झाला तर सगळा घाणा काळपट जांभळा. म्हणून जाणते रंगारी हा रंग लोखंडी कढईत चढवीत नसत. इंग्रजी फौजेतही हा भेद दिसे : अंमलदाराचा डगला कोचिनीलचा झळझळीत, साध्या शिपायाचा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांचा, विटेसारखा. लांबून डगला पाहूनच कोणाचा पगार किती ते कळावे!

मरूनला असला पराक्रम नाही. फ्रेंचमध्ये ‘मारों’ म्हणजे चेस्टनट नावाचे तपकिरी फळ. इंग्रजीत हे रंगाचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळले आणि वाटेत त्यात लाली भरली. फ्रेंच माणूस अजून त्या शब्दाने तपकिरीच समजतो.

मग घोटाळा कुठे झाला? 1869 च्या सुमारास मंजिष्ठेचे रंगद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून तयार केले, आणि पुढच्या दहा वर्षांत भडक लाल रंगही प्रयोगशाळेतून येऊ लागले. रंगाचे नाव किड्यापासून आणि कथलापासून सुटले. त्याच सुमारास टपालाने कपडे विकणारे अमेरिकन कॅटलॉग वाढीला लागले. त्यांची बहुतेक पाने काळ्या शाईत छापलेली असत. चित्रात झगा करडा. तो लाल आहे हे फक्त शब्दाने कळायचे. गावाकडच्या बाईने मागणीपत्रावर तो शब्द लिहायचा आणि टपालाची वाट पाहायची. अशा वेळी शब्द रंग सांगण्यापेक्षा मन ओढण्यासाठी निवडला जाणारच. त्यातल्या सीअर्स रोबक कंपनीचा गाजलेला जाडजूड कॅटलॉग 1993 साली बंद झाला. सवय मात्र मागे राहिली. आता चित्रे रंगीत असतात, पण शाईचा लाल आणि लोकरीचा लाल एक नसतोच.

संगणकाच्या जगात काही नावांना आकडे ठरवून दिले आहेत. तांबडा, हिरवा, निळा या क्रमाने क्रिमसन म्हणजे 220, 20, 60. निळा हिरव्याच्या तिप्पट, म्हणजे किड्याची ती जुनी निळसर झाक तिथेही राहिली आहे. मरून म्हणजे 128, 0, 0. नुसता लाल निम्म्यावर आणलेला, त्यात फळाचा तपकिरीपणा औषधालाही नाही. आणि त्या यादीत स्कार्लेट नाहीच! कपड्याच्या दुकानदाराला अर्थात ही यादीही बंधनकारक नाही.

वहिनींना मी हे सगळे सांगितले. त्यांनी स्वेटर उचलला, दिव्याखालून खिडकीशी नेला, उजेडात शेजारी कुंकवाचा करंडा आणि डाळिंबाचा दाणा धरून पाहिला. “म्हणजे त्याने पाठवलाय तो सकलाद,” त्या म्हणाल्या. पुतण्याला पत्र लिहिले ते असे : हा बदलून दे, आणि या वेळी नाव पाहू नकोस, सोबत माझ्या जुन्या पैठणीच्या काठाचा धागा पाठवते आहे, तो दुकानात नेऊन जुळव.