नावाचा थर : शके 1212 चे नेवासे आणि कथेतल्या माणसांची नावे

नेवाशाला गेलेला माणूस मोहिनीराजाचे दर्शन घेतो आणि मग पैस खांबाकडे वळतो. याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ग्रंथाच्या अखेरीस शके 1212, म्हणजे इ. स. 1290, हे वर्ष येते आणि त्या वेळी राज्य करणाऱ्या रामचंद्र यादवाचा उल्लेखही येतो. काळ, स्थळ, राजा, लेखनिक असे सगळे नावानिशी ठाऊक असल्यामुळे, ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्याला हे गाव फार सोयीचे वाटते. अडचण येते ती ग्रंथात नसलेल्या माणसांची. पैलतीरावरचा कुंभार, पेठेतला कापडवाला, त्याची सून यांना काय म्हणायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी त्या भावंडांच्याच नावांकडे पाहू. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही नावे या क्रमाने वाचली की एक वाटच डोळ्यांपुढे उभी राहते: संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग वर नेणारा जिना आणि शेवटी मुक्ती. एखाद्या कादंबरीकाराने चार भावंडांना अशी नावे दिली असती, तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवले असते. पात्रांऐवजी तत्त्वेच चालती-बोलती केली आहेत, असा शेरा मारला असता. प्रत्यक्षात ही नावे खटकत नाहीत, कारण ती ज्याने ठेवली तो माणूस आपल्याला ठाऊक आहे. परंपरेनुसार विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले होते. परतलेल्या संन्याशाने मुलांना दुसरी कोणती नावे दिली असती? या चार नावांतून बापाचे मन कळते. मुलांचे स्वभाव मात्र त्यांतून कळत नाहीत. रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला समजावणारी धाकटी मुक्ता, तिच्या बोलण्यातली माया आणि धार, यांचा मागमूसही तिच्या नावात नाही.

पात्राचे नाव ठेवताना हाच धागा धरावा, असे मला वाटते. बारशाला ठेवलेले नाव ठेवणाऱ्याविषयी बोलते: त्याचा काळ, त्याचे घर, त्याची भीती, त्याची आशा. स्वभाव कळतो तो पुढे लोकांनी मारलेल्या हाकेतून. लेखकाची गफलत होते ती बहुधा या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे.

आधी काळाचे पाहू. नेवाशातच डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया यांनी 1954 पासून उत्खनन केले आणि एकाखाली एक वस्तीचे थर उघडे केले. उत्खननशास्त्राचा साधा नियम असा की, एखाद्या थरात नाणे सापडले तर तो थर त्या नाण्याहून जुना असू शकत नाही. नवा मात्र असू शकतो, कारण जुने नाणे पुढेही चलनात राहते. नावांचेही तसेच असते. गोविंद, नारायण, महादेव ही नावे 1290 मध्ये होती आणि आजही आहेत. त्यांवरून काळ ठरत नाही. काळ ठरतो तो एका विशिष्ट वेळेआधी असूच न शकणाऱ्या नावांवरून.

याचे उत्तम उदाहरण नगरचेच आहे. मालोजी भोसल्यांनी अपत्यासाठी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. मराठा घर, पिराचा नवस आणि निजामशाहीचा मुलूख या तीन गोष्टी त्या दोन नावांत एकदम येतात. हे नाव 1290 च्या नेवाशात शक्य नाही. अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तो 1296 मध्ये. म्हणून दौलत, गुलाब, फकिरा, शहाजी असे एखादे नाव आपल्या कादंबरीतल्या खेडुताला दिले, तर वरच्या थरातले खापर खालच्या थरात पडल्यासारखे होईल. वाचकाला ते नेमके सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटे आहे हे जाणवेल. उलट 1960 च्या नेवाशातला तरुण 'ज्ञानेश्वर' किंवा 'सोपान' असेल तर त्यात काही वावगे नाही. तिथे ते नाव संन्याशाच्या मनाचे उरत नाही, वारी करणाऱ्या घराचे होते. आणि अशी घरे एकाच जातीत नसतात. 'मोहिनीराज' या नावाने तर पात्राचे कुलदैवतच सांगून टाकता येते, आडनाव न उच्चारता.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. त्या काळातली घरगुती नावे हवी असतील तर नामदेवांच्या कुटुंबाकडे जावे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. घर शिंप्याचे. मूळ नावे पाहिली तर दामोदर, नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव, म्हणजे कोणत्याही घरात चालणारी. घराचा धंदा आणि पेठेतली पत सांगतो तो 'शेटी' हा प्रत्यय. त्याच सुमारास लिहिल्या गेलेल्या लीळाचरित्रात पाहावे तर पुरुषांच्या नावामागे भट, पंडित, नायक येतात आणि स्त्रिया महदाइसा, आबाइसा, उमाइसा असतात. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: त्या ग्रंथातली मंडळी बरीचशी ब्राह्मण आहेत, तेव्हा ती सगळी वळणे उचलून कुंभारवाड्यात नेता येणार नाहीत. त्या काळी आजच्यासारखे ठरीव आडनाव नसल्यामुळे गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार असा धंदाच नावापुढे येतो. तेव्हा पार्श्वभूमी सुचवायची असेल तर नाव सर्वसाधारण ठेवावे आणि प्रत्यय नेमका निवडावा.

याच्या उलट वागले की साचा तयार होतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित. आपल्या कथांतून हा नियम नकळत पाळला गेला आहे. गरिबाच्या वस्तीत शिरलो की धोंड्या, कचऱ्या, दगड्या भेटतात. पण इतिहास हा नियम दोन्ही बाजूंनी मोडतो. चोखामेळ्याच्या बहिणीचे नाव निर्मळा आहे. ज्या घराला विटाळाचे घर ठरवले त्या घरात कोणीतरी मुलीला 'निर्मळा' म्हटले. दुसऱ्या बाजूला महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो, आणि ते कोकणातल्या ब्राह्मण घरचे. आधीची मुले दगावली की पुढच्याला दगड, धोंडा, कचरा म्हणायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, ही रीत सर्व जातींत होती. या नावातून जातीपेक्षा आईची धास्ती अधिक कळते. 'नकुसा' या नावातही मुलीपेक्षा घराचे मन उघडे पडते. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावे देण्यात आली. कथेत 'धोंडू' आला तर लेखकाला स्वतःला विचारता आले पाहिजे: याच्याआधी घरात कोण गेले? उत्तर नसेल तर ते नाव नुसते लेबल आहे.

आता स्वभाव. नगर जिल्ह्यातलीच गोष्ट घेऊ. गोविंद रघुनाथ दाभोलकर शिर्डीला प्रथम आले तेव्हा गुरूची गरज आहे की नाही यावर त्यांनी वाद घातला. साईबाबांनी त्यांना हाक मारली ती 'हेमाडपंत' म्हणून. बारशाचे नाव गोविंद. त्यात वाद घालण्याची हौस कुठेच नव्हती. यादवांचा विद्वान मंत्री हेमाद्री याच्या नावाने मारलेल्या या हाकेत चेष्टा होती आणि आदरही. दाभोलकरांनी तिच्याविषयी स्वतः लिहून ठेवले आहे. हाक कोणी मारली आणि ज्याला मारली त्याने ती कशी घेतली, या दोन गोष्टींतून दोघांचेही स्वभाव कळतात. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी प्रश्न विचारून भंडावणाऱ्या महदाइसेला 'म्हातारी' म्हणतात, त्यातही हीच जवळीक आहे.

हे सगळे आपल्या कापडवाल्यावर लावून पाहू. त्याचे नाव गोविंद. आई त्याला गोंदा म्हणते. पेठेत तो गोंदाशेटी आहे. देवळाला दान दिले की लेखात पुन्हा गोविंद होतो. भाव पाडून मागणारा शेजारी त्याला 'गोंदा' म्हणू लागला की तो दुखावतो. एवढ्याने तो मानी आहे हे कळते, आणि त्यासाठी त्याला 'मानसिंग' करावे लागत नाही. सुनेचे नाव साखराई ठेवावे आणि तिची जीभ तिखट असू द्यावी. वाचक मनात हसेल, पण लेखकाने ते बोलून दाखवू नये. नावाचा अर्थ पात्राच्या तोंडून उलगडला की ते गेलेच. कुंभाराच्या मुलीला मात्र 'मातीबाई' करू नये. तिच्या बापानेही एखाद्या देवाचेच नाव ठेवले असते. एक साधी कसोटी आहे: हस्तलिखितातली सगळी नावे एका कागदावर उतरावीत आणि कथा न वाचलेल्या माणसाला खलनायक, नोकर आणि नायिका ओळखायला सांगावे. त्याने सगळे बरोबर ओळखले तर नावे बदलायला हवीत.

नेवाशाजवळ गोदावरीला मिळणारी प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या धामणगावचे दगडू मारुती पवार मराठी वाचकाला दया पवार म्हणून ठाऊक आहेत. 1978 साली आलेल्या 'बलुतं'मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, नावे दोन. पहिले महारवाड्यातल्या घराने ठेवलेले, दुसरे लिहिणाऱ्याचे. ही रचना कल्पनेतून आलेली नव्हती; जन्माच्या दाखल्यावरचे नाव आणि पुस्तकाच्या कव्हरवरचे नाव यांच्यातले अंतर ती दाखवत होती. दोन्ही नावे खरी होती. एक खोडून टाकले असते तर आत्मकथन लिहिताच आले नसते.