एकाच दाराशी ८० लाख

जपानमध्ये १९४७, १९४८ आणि १९४९ या तीन वर्षांत मिळून सुमारे ८० लाख मुलं जन्मली. युद्ध संपलं होतं, सैनिक आणि वसाहतींमध्ये राहणारे लोक घरी परतले होते, लांबलेली लग्नं उरकली जात होती. पण मला त्याहून बोलका वाटतो तो नंतरचा आकडा. १९४९ साली जवळपास २७ लाख जन्म झाले होते, १९५७ साली जेमतेम १५ लाख ७० हजार. मधल्या काळात गर्भपाताला कायद्याने वाट मिळाली होती आणि लहान कुटुंबाची सवय झपाट्याने रुजली होती. त्यामुळे जपानी लोकसंख्येच्या आलेखात एक उंच, अरुंद सुळका तयार झाला. पुढे १९७६ साली ताइची साकाइया या लेखकाने आपल्या कादंबरीच्या शीर्षकात या पिढीला ‘दांकाई’ म्हटलं. दांकाई म्हणजे गोळा, ढेकूळ. तेच नाव रूढ झालं.

हे ढेकूळ आयुष्यभर व्यवस्थेच्या नळीतून सरकत राहिलं आणि जिथे गेलं तिथे अडकलं. कारण साधं आहे. शाळा, कॉलेज, घर या गोष्टी आधीच्या पिढीच्या संख्येनुसार बांधलेल्या असतात आणि नव्या उभारायला वर्षं लागतात. माणसं मात्र आपापल्या वयाला वेळेवर पोचतात. या मुलांना प्राथमिक शाळेत एकेका वर्गात पन्नासहून जास्त जणांत बसावं लागलं, काही ठिकाणी शाळा दोन पाळ्यांत भरली. खोल्या वाढेपर्यंत ती पुढच्या शाळेत गेली होती. वाढलेल्या खोल्या मिळाल्या त्या त्यांच्या मागून आलेल्या, संख्येने कमी असलेल्या भावंडांना. म्हणजे मोठी पिढी रांगेत उभी राहते आणि तिच्यासाठी केलेली सोय लहान पिढी वापरते.

१९६३ पासून हा लोंढा हायस्कूलच्या आणि १९६६ पासून विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांना धडकला. ‘चार तास झोपशील तर पास, पाच तास झोपशील तर नापास’ अशा अर्थाची म्हण त्या काळात मुलांच्या तोंडी होती.

नोकरीत मात्र चित्र वेगळं होतं, आणि इथेच या नियमाची मर्यादा कळते. स्पर्धा संख्येवर ठरत नाही, संख्या आणि जागा यांच्या गुणोत्तरावर ठरते. साठच्या दशकात जपानची अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढत होती. गावाकडून शाळा संपवून आलेल्या पोरांना खास रेल्वेगाड्यांनी तोक्योला आणलं जाई आणि कारखानदार त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. ढेकूळ मोठं होतं, पण ही नळी त्याहून वेगाने रुंदावत होती.

घरांच्या बाबतीत तसं झालं नाही. १९७२ साली जपानमध्ये जवळपास ११ लाख लग्नं लागली. एवढी जोडपी एकाच वेळी शहरांभोवती घर शोधू लागली, आणि शहराजवळची जमीन कारखान्यासारखी वाढवता येत नाही. याच सुमारास जमिनीचे भाव भडकले. त्याला इतरही कारणं होती, पण मागणी करणाऱ्यांची गर्दी हे त्यातलं एक. तोक्योबाहेर डोंगर सपाट करून तामा न्यू टाउन उभारलं गेलं, तिथे १९७१ पासून लोक राहायला आले.

मग या पिढीला मुलं झाली. १९७१ ते १९७४ या काळात दरवर्षी वीस लाखांहून जास्त. हे दुसरं ढेकूळ. यातली मुलं १८ वर्षांची होत होती तेव्हा, १९९२ साली, त्या वयाची मुलं सुमारे २० लाख ५० हजार होती, म्हणजे पुन्हा प्रवेश परीक्षांची तीच चेंगराचेंगरी. आणि ती पदवी घेऊन बाहेर पडली तोवर शेअर आणि जमिनीचा फुगा फुटला होता.

आता कंपन्यांमध्ये खुर्च्यांवर कोण बसलं होतं? पन्नाशीकडे झुकलेली दांकाई पिढी, म्हणजे यांच्यातल्या अनेकांचे आईबापच. मोठ्या जपानी कंपन्या कायम नोकरांना सहसा काढत नसत. खर्च कमी करायचा तर सोपा उपाय एकच होता, नवी भरती थांबवणं. तिथे बहुतेक भरती शिक्षण संपतानाच होते, त्यामुळे त्या वर्षी संधी हुकलेल्यांना पुढेही कायम नोकरी मिळणं कठीण गेलं. कित्येक जण कंत्राटी कामांत अडकले. जपानी लोक त्या काळाला ‘नोकरीचं हिमयुग’ म्हणतात. मोठ्या पिढीला समवयस्कांशी झुंजावं लागतंच, पण पुढची मोठी पिढी जागा अडवून बसलेली असेल तर दुहेरी कोंडी होते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९८० साली मांडलं होतं की मोठ्या पिढीची मिळकत तिच्या अपेक्षांपेक्षा मागे पडते, म्हणून ती लग्न आणि मुलं लांबवते. त्यांचा अंदाज सगळ्या देशांत सारखा खरा ठरला नाही. पण जपानच्या कोष्टकात मी तिसरा सुळका शोधतो, १९९५ ते २००५ च्या आसपास, दुसऱ्या ढेकळाची मुलं जन्मायला हवी होती तिथे. तिथे सुळका नाही. वर्षाला बारा लाखांच्या आसपास असलेली रेघ हळूहळू खाली उतरत जाते.