१४० उणे वय

वयस्कर रुग्णाला औषध किती द्यायचं, हे ठरवताना डॉक्टर किंवा फार्मासिस्ट मोबाइलवर एक छोटं गणित करतात. १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्या आकड्याला किलोतल्या वजनाने गुणायचं, आणि ७२ गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन याने भागायचं. रुग्ण स्त्री असेल तर आलेलं उत्तर ०.८५ ने गुणायचं. मूत्रपिंड दर मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनपासून मोकळा करतं, ते यातून कळतं. या आकड्याला क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात. रोज हे गणित करणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असतं, की १४० हा माणसाच्या आयुष्याचा कसलाही आकडा नाही आणि ७२ चा नाडीच्या ठोक्यांशी काही संबंध नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंत रोज तयार होणारा कचरा. तो रक्तात येतो आणि मूत्रपिंड तो लघवीवाटे बाहेर टाकतं. १८८६ मध्ये माक्स याफे यांना दिसलं, की अल्कलीत पिक्रिक आम्ल घातलं की क्रिएटिनिन नारिंगी रंग धरतं. पुढे त्या रंगाच्या गडदपणावरून त्याचं प्रमाण मोजता येऊ लागलं. मग क्लिअरन्सची चाचणी आली. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि तिथून दुसऱ्या सकाळपर्यंतची प्रत्येक लघवी डब्यात साठवायची. सांगायला सोपं आहे, पण ऐंशीच्या घरातल्या, रात्री चारदा उठणाऱ्या माणसाकडून हे करून घेऊन पाहावं. एक वेळ डब्याबाहेर गेली, की उत्तर चुकलं.

इकडे औषधांना तर घाई होती. स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात. ते मंद झालं की औषध अंगात साचतं, आणि त्याची किंमत कान मोजतात. चोवीस तासांच्या डब्यासाठी थांबायला वेळ नसे. म्हणून १९७०च्या सुमारास कागदावर पट्टी ठेवून उत्तर वाचायचे तक्ते निघाले, सूत्रंही निघाली. त्यातलं एक टिकलं.

ते आलं कॅनडातून, माँट्रिअलमधल्या माजी सैनिकांच्या क्वीन मेरी रुग्णालयातून. तिथे डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट हे शिकाऊ डॉक्टर हेन्री गॉल्ट यांच्या हाताखाली काम करत होते. त्यांनी १८ ते ९२ वर्षांच्या २४९ रुग्णांच्या चोवीस तासांच्या लघवीच्या नोंदी घेतल्या आणि दर किलो वजनामागे रोज किती क्रिएटिनिन पडतं, ते वयासमोर मांडलं. रेघ उतरती निघाली. २८ मधून वयाचा पाचवा हिस्सा वजा केला, की दर किलोला तितके मिलिग्रॅम. म्हातारपणी स्नायू आटतात, त्यामुळे कचराच कमी तयार होतो.

बाकी राहिला तो हिशेब. दिवसाचा कचरा १४४० मिनिटांत वाटायचा आणि रक्तातल्या प्रमाणाने भागायचा. एककं जुळवल्यावर वर २८ आणि वयाची ०.२ पट, तर खाली १४.४ असे आकडे येतात. दशांश नकोत म्हणून वर-खाली पाचने गुणलं. २८ चे १४० झाले, १४.४ चे ७२ झाले. १९७६ मध्ये ‘नेफ्रॉन’ या नियतकालिकात हे छापून आलं. सैनिकांचं रुग्णालय, त्यामुळे रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष. स्त्रियांसाठीची १५ टक्क्यांची वजावट मोजमापातून आलेली नव्हती, स्त्रियांच्या अंगात स्नायू कमी असतात या गृहीतावर ती बसवलेली होती. कॉकक्रॉफ्ट स्वतः पुढे दम्याकडे वळले आणि त्यात नाव कमावलं. सूत्र मात्र मूत्रपिंडाला चिकटून राहिलं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ८२ वर्षांच्या, ४२ किलोच्या आजींना नागीण झाली आहे. क्रिएटिनिन १.२, आणि बऱ्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये १.२ च्या पुढे काही खूण नसते. पंचवीस वर्षांच्या, ७० किलोच्या नातवाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याचा क्लिअरन्स ९३ येतो. आजींचं गणित असं: ५८ गुणिले ४२ म्हणजे २४३६, भागिले ८६.४ म्हणजे २८, आणि ०.८५ ने गुणल्यावर २४. रक्तातला आकडा तोच, काम पाव. आजींच्या अंगात कचराच थोडा होतो, म्हणून तुंबलेली मोरी रिपोर्टमध्ये दिसत नाही.

नागिणीवर असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा देतात. क्लिअरन्स १० ते २५ असेल तर तीच गोळी दर आठ तासांनी, म्हणजे तीन वेळा. पाच वेळा दिली तर दोन-तीन दिवसांत आजी बरळू लागतात, हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात. घरचे म्हणतात, नागीण डोक्यात गेली. डॉक्टरांनाही मेंदूला सूज आल्याची शंका येते, आणि ती शंका वावगी नाही, कारण तसंही होऊ शकतं. पण ताप नाही, आणि औषध सुरू झाल्यावरच भ्रम आला, असं असेल तर आधी डोसकडे पाहावं. औषध थांबवल्यावर माणूस सहसा काही दिवसांत ताळ्यावर येतो. आग कमी व्हावी म्हणून दिलेल्या प्रीगॅबालिनचंही तेच. क्लिअरन्स १५ ते ३० असेल तर सुरुवात दिवसाला २५ ते ५० मिलिग्रॅमने. सवयीने ७५ च्या दोन गोळ्या लिहिल्या, तर आजी झोपेत चालतात आणि पडतात.

गोंधळ पुढेच आहे. मूत्रपिंडतज्ज्ञ १९९९ नंतर नव्या सूत्रांकडे गेले. आज बऱ्याच लॅब रिपोर्टच्या तळाशी जो ‘ईजीएफआर’ छापतात, तो याच सूत्रांचा. आजींचा येतो ४५. हा आकडा १.७३ चौरस मीटरच्या ठरावीक देहासाठी असतो. आजींचा देह साधारण १.३ चा. तेवढी दुरुस्ती केली की ३४ उरतात. एका बाईची ४५, ३४ आणि २४ अशी तीन उत्तरं. नवं सूत्र मूत्रपिंडाचा आजार ओळखायला नक्कीच सरस आहे. पण जुन्या औषधांच्या माहितीपत्रकातल्या पायऱ्या माँट्रिअलच्या गणितावर बेतलेल्या, त्यामुळे ४५ घेऊन तिथे गेलं तर असायक्लोव्हिर कमी करायचं कारणच दिसत नाही.

जुन्या सूत्राचेही दोष आहेतच. २०१० च्या आसपास लॅबमधलं क्रिएटिनिनचं मोजमाप जगभर एकाच मापाला बांधलं गेलं आणि आकडे जरा खाली आले. सूत्र मात्र जुन्या मापाचंच राहिलं. क्रिएटिनिन रोज चढत असेल, जुलाबांनी किंवा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड बसत चाललं असेल, तर कोणतंच सूत्र खरं बोलत नाही, कारण रक्तातला आकडा मागे पडलेला असतो.

आणि वजन. नवं सूत्र ते मागत नाही, म्हणून लॅबच्या फॉर्मवरही ते नसतं. आजींच्या जुन्या फायलीत ५२ किलो लिहिलेलं असतं, कोणे एके काळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेलं. ५२ धरले तर उत्तर येतं ३०, आणि असायक्लोव्हिरच्या पाच वेळा कायम राहतात. काठी बाजूला ठेवून, चपला काढून त्यांना काट्यावर उभं केलं, की काटा ४२ वर थांबतो.