परवलीचा शब्द : अर्ध्या रकाराचा संकेतभेद

देवनागरीत लिहिलेला परवलीचा शब्द (पासवर्ड) एका यंत्रावर ग्राह्य ठरावा आणि दुसऱ्या यंत्रावर, अक्षरशः तोच दिसत असूनही, नामंजूर व्हावा, हा दोष मराठीत मुख्यतः अर्ध्या रकाराच्या ठायी उद्भवतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांत य किंवा ह यांच्या आधी येणारा, पापणीच्या केसासारखा आडवा वळलेला जो र मराठीत लिहिला जातो, त्याला युनिकोड संकेतप्रणालीत एक नव्हे तर दोन लेखनक्रम मान्य आहेत, आणि या दुहेरी मान्यतेतच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे.

पहिला क्रम भारतीय मानक ‘इस्की’ याच्या परंपरेतून आला. त्यात नुक्तायुक्त ‘ऱ’ (U+0931), त्यापुढे हलन्तचिन्ह (U+094D) आणि मग य, अशी रचना होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह J ही कळ दाबली असता हा ऱ उमटतो. दुसरा क्रम, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून, पुढेही कायम ठेवण्यात आला. त्यात साधा र (U+0930), हलन्तचिन्ह, आणि त्यानंतर ज्याला स्वतःची रुंदीच नाही असे अदृश्य जोडचिन्ह (U+200D, झीरो विड्थ जॉइनर) येते. दोन्ही क्रमांतून टंक एकच आकृती रेखाटतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तफावत कळण्याचा संभव नाही.

‘दऱ्या’ हाच शब्द घेऊन पाहू.

```
0926 0931 094D 092F 093E
0926 0930 094D 200D 092F 093E
```

पहिली मांडणी पाच संकेतांची, म्हणजे यूटीएफ-८ पद्धतीने १५ बाइटांची. दुसरी सहा संकेतांची, १८ बाइटांची. सेवा पुरविणारे यंत्र परवलीचा शब्द आहे तसा दप्तरी ठेवीत नाही. तो एकमार्गी गणितातून काढून त्याचे सार (हॅश) तेवढे जतन करते, आणि एका बाइटाच्या फरकानेही हे सार संपूर्णपणे निराळे होते. म्हणून कार्यालयातील संगणकावर पहिल्या क्रमाने ठरविलेला शब्द, दुसरा क्रम उमटविणाऱ्या भ्रमणध्वनीवरून टंकित केला की, ‘चुकीचा शब्द’ असा शेरा मिळतो. आणि टंकताना अक्षरांच्या जागी ठिपके दिसत असल्याने त्या इसमाला आपल्याच स्मरणाचा संशय येतो, जो सर्वस्वी अस्थानी असतो.

यावर प्रमाणीकरणाचा (नॉर्मलायझेशन) उपाय सुचविला जातो, परंतु त्याची मर्यादा नीट ध्यानी घेतली पाहिजे. एनएफसी हे प्रमाणरूप, र आणि नुक्ता (U+093C) असे सुटे आलेले संकेत एकत्र करून ऱ बनविते. मात्र जोडचिन्हाच्या क्रमाला ते हात लावीत नाही, कारण युनिकोडच्या व्याख्येत हे दोन क्रम समतुल्य गणलेले नाहीत. परवलीच्या शब्दांसाठी २०१७ साली सिद्ध झालेला आरएफसी ८२६५ हा दस्तऐवज एनएफसीच सांगतो आणि हलन्तानंतरचे जोडचिन्ह ग्राह्य धरतो, त्यामुळे तो तंतोतंत पाळूनही दोष शिल्लक राहतो. त्यापूर्वीचा २००५ चा आरएफसी ४०१३ जोडचिन्ह सरसकट गाळून टाकीत असे. परंतु ते गाळले म्हणजे ‘या’वर रफार चढतो आणि डोंगरातल्या ‘दऱ्यां’चा समुद्रवाचक ‘दर्या’ होतो. जो भेद मराठीने अर्थासाठी राखला तो यंत्राच्या सोयीसाठी पुसणे हा उपाय म्हणता येत नाही.

योग्य मार्ग असा की सार काढण्यापूर्वी, नोंदणीच्या वेळी आणि प्रवेशाच्या वेळीही, एनएफसी करून नंतर दुसरा क्रम पहिल्यात परिवर्तित करावा. पायथन भाषेत हे दोन ओळींत होते:

```
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

जुन्या खातेदारांची सारे मात्र मूळ क्रमानुसार निघालेली असतात; ती उलट फिरवून दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून प्रवेशाच्या वेळी प्रथम परिवर्तित रूप पडताळावे, ते न जुळल्यास शब्द टंकला तसाच, आणि तरीही न जुळल्यास दुसऱ्या क्रमात मांडून पाहावा, व जुळताच परिवर्तित रूपाचे नवे सार रुजू करावे.

दोष हाच आहे की अन्य काही, याची परीक्षा सोपी आहे. तोच शब्द दोन्ही यंत्रांवर साध्या मजकुरात लिहून, संकेत मोजणाऱ्या साधनाने त्याची लांबी पाहावी. ‘दऱ्या’ एकीकडे पाच आणि दुसरीकडे सहा भरला तर निदान बहुतांशी पक्के झाले. सेवाचालकांनी वरील परिवर्तन अंगीकारले नसेल तेथे परवलीच्या शब्दात अर्धा रकार न योजणे, एवढीच खबरदारी वापरणाऱ्याच्या हाती उरते.