संदर्भलेखन, व्हिडिओ गेम व मोबाइल ॲप यांचे

डिजिटल संस्कृतीच्या अभ्यासात एखादा व्हिडिओ गेम किंवा मोबाइल ॲप पुरावा म्हणून पुढे ठेवताना, अभ्यासकाने नेमके काय खेळले वा वापरले ते वाचकाला ओळखता यावे अशी केलेली नोंद. पुस्तकाची नोंद लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष यांवर भागते, कारण छापलेले पान नंतर बदलत नाही. गेमचे तसे नाही. नाव तेच राहते, फोनवरचे चिन्ह तेच राहते आणि आतली वस्तू दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलते. म्हणून अशा नोंदीत विकसक, आवृत्ती, उपकरण आणि वापराची तारीख या चार गोष्टींना शीर्षकाइतकेच वजन असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतातच सापडते. बोलण्यात ज्याला सगळे ‘पबजी’ म्हणतात तो एक गेम नाही. मूळ ‘पबजी’ दक्षिण कोरियात तयार झाला. संगणकावरची त्याची पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. मार्च २०१८ मध्ये आलेला ‘पबजी मोबाइल’ हा चीनमधील टेन्सेंट कंपनीच्या लाइटस्पीड अँड क्वांटम या स्टुडिओने बनवलेला वेगळा गेम होता. खुद्द चीनमध्ये मे २०१९ पासून त्याची जागा ‘गेम फॉर पीस’ या नावाच्या रूपाने घेतली. त्यात गोळी लागलेला खेळाडू रक्तबंबाळ होऊन पडत नाही, हात हलवून निरोप घेतो. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे भारतातील सर्व्हर बंद झाले. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय, आणला. त्यात सुरुवातीला गोळी लागल्यावर लाल रक्ताऐवजी हिरवी खूण उमटे, हे जग काल्पनिक आहे अशी सूचना ऐकू येई आणि १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती.

आता एखाद्या प्रबंधात ‘पबजीमधील हिंसेचे चित्रण’ असे प्रकरण आहे आणि संदर्भसूचीत फक्त ‘पबजी, २०२१’ एवढेच लिहिले आहे, असे समजू. त्यातले निरीक्षण लाल रक्ताविषयी आहे, हिरव्या खुणेविषयी की निरोपाच्या हाताविषयी, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. निष्कर्ष बरोबर असेलही, पण तो तपासता येत नाही.

शीर्षकापेक्षा पक्की ओळख ॲपच्या पॅकेज-नावात असते. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला असे एक नाव असते आणि प्ले स्टोअरवर तेच नाव दुसऱ्या ॲपला मिळत नाही. जागतिक ‘पबजी मोबाइल’चे पॅकेज-नाव com.tencent.ig, कोरियातील रूपाचे com.pubg.krmobile आणि बीजीएमआयचे com.pubg.imobile. स्टोअरमधील पानाच्या पत्त्यात ‘id=’ नंतर हेच नाव दिसते. पत्त्यावर मात्र विसंबू नये. २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआय भारतातील दोन्ही मोठ्या स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या काळात सूचीतला दुवा उघडला असता तर काहीच मिळाले नसते. पॅकेज-नाव स्वतंत्रपणे लिहिले असेल, तर दुवा मेला तरी ओळख उरते.

विकसकाचे नाव लिहिताना सर्वाधिक घोटाळा होतो. स्टोअरमध्ये शीर्षकाखाली जे नाव छापलेले असते ते ॲप ज्यांच्या खात्यातून चढवले त्यांचे असते आणि पुष्कळदा ते प्रकाशकाचे असते. गेम प्रत्यक्ष घडवणारा स्टुडिओ वेगळा असू शकतो. त्याचे नाव बहुधा गेममधल्या श्रेयनामावलीत किंवा सुरुवातीच्या पडद्यावर सापडते. दोन्ही नावे मिळाली तर दोन्ही द्यावीत, आणि कोणते कुठून घेतले ते आपल्या टिपणात लिहून ठेवावे. कंपन्यांची नावेही बदलतात. ‘माइनक्राफ्ट’ बनवणारी मोजांग २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि २०२० मध्ये तिचे नाव मोजांग स्टुडिओज झाले. नोंदीत आजचे नाव नको, अभ्यासलेल्या आवृत्तीच्या वेळचे नाव हवे.

आवृत्तीचा आकडा पाहायचा तो स्वतःच्या फोनवर. स्टोअरमधील पान आज उपलब्ध असलेल्या नव्या आवृत्तीविषयी बोलते, अभ्यासकाच्या फोनवर कदाचित मागची असते. शिवाय नवी आवृत्ती बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे एकाच दिवशी शेजारी बसलेल्या दोघांकडे दोन आवृत्त्या असू शकतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील ॲपच्या माहितीपानावर तळाशी आवृत्ती लिहिलेली असते. फोन संगणकाला जोडून अधिक तपशील हवा असेल तर ही आज्ञा चालते:

```
adb shell "dumpsys package com.pubg.imobile | grep version"
```

उत्तरात versionName आणि versionCode असे दोन आकडे येतात. पहिला वापरकर्त्याला दाखवण्यासाठी असतो आणि विकसक तो मनाप्रमाणे ठेवू शकतो. दुसरा पूर्णांक असतो आणि स्टोअरमध्ये प्रत्येक नव्या बदलाबरोबर तो वाढतोच. सूचीत पहिला पुरे. दुसरा टिपणवहीत असावा, कारण दाखवायचा आकडा तोच ठेवून छोटी दुरुस्ती सोडली गेली तर फरक फक्त दुसऱ्यात उमटतो. संगणकावर स्टीममधून घेतलेल्या गेमसाठी हेच काम Build ID करतो. तो गेमच्या गुणधर्मांत अद्यतनांच्या पानावर मिळतो. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत F3 दाबले की आवृत्ती पडद्यावर येते.

आकडा जसा दिसतो तसाच उतरवावा, अंकही त्याच लिपीत ठेवावेत. तो दशांश अपूर्णांक नाही. ‘माइनक्राफ्ट’ 1.9 फेब्रुवारी २०१६ मध्ये आला आणि 1.10 त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे नंतर. शेवटचे शून्य फालतू समजून कोणी 1.1 लिहिले, तर वाचक काही वर्षे मागच्या गेमकडे जातो. मुद्रितशोधनात ही चूक सहज होते, म्हणून संपादकाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता पुरी नोंद करून पाहू. समजा, अभ्यासकाने ऑगस्ट २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनवर बीजीएमआय खेळला आणि माहितीपानावर 1.5.0 दिसले. मराठी सूचीत नोंद अशी होईल: ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. आवृत्ती 1.5.0, अँड्रॉइड. मोबाइल गेम. क्राफ्टन, २०२१. com.pubg.imobile. खेळल्याचा काळ ५ ते २० ऑगस्ट २०२१, भारत. इथे २०२१ हे वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष आहे. हाच अभ्यास २०२४ च्या आवृत्तीवर असता तर वर्ष २०२४ आले असते. गेम पहिल्यांदा कधी आला हा इतिहास मजकुरात सांगावा, सूचीत मिसळू नये. ‘भारत’ हा शब्दही सजावटीसाठी नाही. काही गेम खेळाडूच्या देशाप्रमाणे वेगळा मजकूर दाखवतात.

खेळल्याचा काळ द्यायचे कारण असे की आवृत्तीचा आकडा फक्त फोनवर बसवलेल्या भागाविषयी सांगतो. उत्सवी सजावट, जाहिराती, दुकानातल्या वस्तू आणि त्यांच्या किमती सर्व्हरवरून येतात आणि आकडा न बदलता रातोरात पालटतात. ॲपच्या बाबतीत तर निम्म्या वापरकर्त्यांना एक बटण आणि उरलेल्यांना दुसरे असा प्रयोगही चालतो. त्यामुळे पडद्याविषयी जे विधान करायचे, त्याचे तारीख-वेळ असलेले छायाचित्र अभ्यासकापाशी हवेच. तारखेशिवायचे छायाचित्र अर्धाच पुरावा ठरतो.

पुस्तकातल्या पृष्ठक्रमांकाच्या जागी काय द्यायचे, याचे उत्तर गेमच्या जातीवर अवलंबून असते आणि हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. कथानक असलेल्या गेममध्ये प्रकरण किंवा टप्प्याचे नाव पुरते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये प्रत्येक जग एका बीज-आकड्यातून उगवते. तो आकडा आणि आवृत्ती दिली की वाचक आपल्या संगणकावर तेच डोंगर, तीच नदी उभी करू शकतो, आणि x, y, z हे स्थानांक दिले की त्याच दगडापाशी पोहोचतो. पण नोव्हेंबर २०२१ च्या 1.18 मध्ये भूरचनेची पद्धत बदलली. त्याआधीचे बीज नव्या आवृत्तीत पेरले तर वेगळाच मुलूख दिसतो. आवृत्तीवाचून बीज निरुपयोगी आहे. बीजीएमआयमधला सामना मात्र पुन्हा घडवता येत नाही, कारण समोर जिवंत माणसे असतात. तिथे नकाशाचे नाव, खेळाचा प्रकार आणि अभ्यासकाने केलेल्या पडदा-चित्रणातील मिनिट-सेकंद हाच पृष्ठक्रमांक.

भाषेमुळेही आवृत्ती महत्त्वाची ठरते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर कन्सोलवर आला. त्यातल्या पौराणिक कथनाचा आवाज आणि भाषा यांवर कोणी लिहिणार असेल, तर २०२२ च्या वाढीव आवृत्तीत हिंदी आवाज आला हे नोंदीतून कळलेच पाहिजे. ‘राजी, २०२०’ असा संदर्भ देऊन हिंदी संवादांची चर्चा केली, तर वाचकाला ते संवाद त्या गेममध्ये सापडणार नाहीत.

प्रचलित शैलींपैकी एपीए शैली स्टुडिओला लेखकाच्या जागी बसवते, मग वर्ष, शीर्षक आणि कंसात आवृत्ती देते, आणि पुढे चौकटी कंसात हा मोबाइल ॲप आहे की व्हिडिओ गेम ते सांगते. एमएलए शैलीत नोंद शीर्षकापासून सुरू होते. शिकागो शैली उपकरण वा कार्यप्रणालीचाही उल्लेख करायला सांगते. त्यामुळे सूचीत बीजीएमआय एका शैलीत ‘क्राफ्टन’खाली, दुसरीत ‘बॅटलग्राउंड्स’खाली जातो. डिजिटल संस्कृतीच्या अभ्यासात शीर्षकापासून सुरुवात करणे अधिक सोयीचे वाटते, कारण वाचक गेम नावाने शोधतो आणि शेकडो माणसांच्या श्रमाला एकच लेखक ठरवणे अवघड असते. मात्र पॅकेज-नाव आणि खेळल्याचा काळ यांना यातली कोणतीच शैली ठरलेली जागा देत नाही. ते नोंदीच्या शेवटी जोडावेत, नाहीतर तळटीपेत द्यावेत.

अभ्यासलेली वस्तू नंतर नाहीशी झाली असेल, तर तसे नोंदीतच लिहितात. ‘पबजी मोबाइल’च्या भारतातील जुन्या खेळाविषयीच्या नोंदीत शेवटी एवढे हवे: भारतातील सर्व्हर ३० ऑक्टोबर २०२० पासून बंद, निरीक्षणे लेखकाच्या पडदा-चित्रणावरून. ते चित्रण कोणत्या ग्रंथालयात किंवा संस्थेत ठेवले आहे, हेही त्याच ओळीत द्यावे.