निपा विषाणू : महाराष्ट्रातील वटवाघळे
मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे तपासली. त्यांपैकी ३३ फळखाऊ वटवाघळांच्या रक्तात निपाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. याचा अर्थ विषाणूशी त्यांची गाठ पडून गेली होती, एवढाच. गावात साथ आली असा नव्हे. बातम्यांत हा फरक हरवतो.

वटवाघूळ स्वतः क्वचितच आजारी पडते, पण लाळेतून व मुतातून विषाणू अधूनमधून बाहेर टाकते. माणसापर्यंत पोचायला विषाणूला एखादी वाट हवी असते. बांगलादेशात ती खजुरीच्या रसाची आहे. रात्री वटवाघळे सोललेले खोड चाटतात, मडक्यात मुततात आणि लोक सकाळी तो रस कच्चाच पितात. रस उकळला किंवा मडक्यावर बांबूची जाळी बांधली की ही वाट बंद होते. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरे मधे आली; फळझाडांखालीच वराहगृहे होती. वालावलसारख्या कोकणी गावात जपायचे ते उष्ट्या फळांना : दातांच्या खुणा असलेला आंबा किंवा काजूचे बोंड धुऊन खाण्याऐवजी टाकून द्यावे. मात्र त्यासाठी वटवाघळे हुसकावू नयेत; बिथरलेला थवा नव्या वस्तीजवळ जाऊन बसतो.

माणसाला लागण झाल्यावर विषाणू शुश्रूषा करणाऱ्यांकडे जाऊ शकतो. सिलिगुडीत २००१ साली तो मुख्यतः रुग्णालयांतच पसरला.