वाकळीखालचा घाम

आश्विन वद्य पंचमीला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, मोझरीत माणूस मावत नाही. गावोगावच्या दिंड्या येतात, घराघरांत पाहुणे उतरतात. पाहुणे गेले की आठवड्याभरात अर्धं घर खोकत बसतं. एका साली आमच्या दहा वर्षांच्या भाच्याला फ्लू झाला. हुडहुडी भरली तशी आजीनं पेटीतली वाकळ काढली, वरून घोंगडी टाकली आणि बजावलं, "काढू नको बाप्पा, घाम फुटू दे, ताप निंगून जाते."

हे आजीचं वाक्य फार जुनं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदाचा, म्हणजे घाम काढण्याचा. विस्तवाशिवाय घाम काढण्याचे दहा मार्ग तिथं सांगितले आहेत आणि त्यांत 'गुरुप्रावरण' म्हणजे जड पांघरूण आहे. त्याच यादीत व्यायाम, उपास, ऊन, भीती, राग आणि मारामारीही आहे! भाच्याला घाबरवूनही शास्त्रोक्त घाम काढता आला असता. पण त्याच अध्यायात घाम कोणाचा काढू नये हेही लिहिलंय: तहानलेला, अशक्त, गर्भवती, पित्ताचा रोगी. वाकळ पिढ्यान् पिढ्या चालत आली, ही अट मात्र वाटेतच गळाली.

जुन्या वैद्यकात ज्वराचं एक लक्षणच 'स्वेदावरोध', म्हणजे घाम अडणं, असं धरलंय. तेव्हा अडलेला घाम मोकळा केला की ज्वर जाईल, हा हिशेब सरळ होता. आणि तो डोळ्यांना पटतही होता, कारण आपल्याकडे हिवताप होता. माझा तर्क असा की वाकळीची कीर्ती याच तापानं वाढवली. हिवतापाच्या तीन पायऱ्या असतात: आधी दात वाजवणारी थंडी, मग अंग भाजणारा ताप, मग चादर भिजवणारा घाम. घाम आला की त्या पाळीचा ताप उतरतोच. एक-दोन दिवसांनी तो ठरल्या वेळी परत यायचा, पण त्याला तिजारी किंवा चौथरा असं नाव होतं, दोष वाकळीचा नव्हता. शेवटी आलेला घाम हेच औषध, असं मानलं गेलं.

खरा क्रम उलटा आहे. मेंदूत तापमान राखणारं एक केंद्र आहे. विषाणू शिरला की शरीर काही रसायनं सोडतं आणि हे केंद्र आपली ठरलेली पातळी वर चढवतं. अंग त्या पातळीच्या मागे असतं तोवर थंडी वाजते, थरथर होते. पातळी खाली आली की अंग जादा गरम ठरतं आणि उष्णता बाहेर टाकायला घाम सुटतो. म्हणजे ताप उतरायला लागला म्हणून घाम येतो. बाहेरून जबरदस्तीनं काढलेल्या घामानं ती पातळी खाली येत नाही.

त्यातून घाम थंडावा देतो तो वाळताना. आपल्याकडच्या कूलरचं गवत जसं वारा लागल्यावर गार होतं, तसंच. वाकळीखाली दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते. शिवाय फ्लूचा विषाणू नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या पेशींत वाढतो, तो घामातून बाहेर पडत नाही. हा विषाणू माणसात सापडला १९३३ साली, तोही लंडनमध्ये. १९१८ च्या साथीत वऱ्हाडात माणसं मेली तेव्हा शत्रू कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

भाच्याचं सांगतो. वाकळ घातली तेव्हा थर्मामीटर १०१.८ दाखवत होता. तासाभरानं १०३. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले, थंडी कधीच थांबलेली. हीच वेळ ओळखायची असते: थरथर आहे तोवर पांघरूण हवंच, अंग तापून लाल झालं की ते काढायचं. वाकळ काढून एक पातळ चादर ठेवली, खिडकी उघडली, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेली पॅरासिटामॉल दिली, चमच्याचमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पाऊण तासानं घाम आला, आपसूक. तो थंड पाण्यानं पुसायचा मोह झाला, पण त्यानं पुन्हा थरथर सुटते म्हणून कोरड्या पंचानं टिपला. रात्रभर लघवी होते की नाही आणि श्वास जोरात चालत नाही ना, एवढंच बघत बसलो. तान्ह्या बाळाला असं गुंडाळलं तर त्याचा ताप आणखी पटकन चढतो. म्हातारी, गर्भवती किंवा दमेकरी माणसं असतील तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा, कारण विषाणूवरची गोळी लवकर घेतली तरच नीट लागू पडते.

सकाळी ताप पुन्हा १०१. दुसऱ्या रात्री तसंच. चौथ्या दिवशी तो आपोआप गेला, फ्लूचा बहुधा तसाच जातो. खोकला पुढे दहा दिवस राहिला.

वाकळ अंगणातल्या दोरीवर वाळत होती. आजीनं तिची घडी घालता घालता शेजारणीला सांगितलं, "पहिल्याच रात्री घाम काढला ना म्या, म्हणून पोट्टं उठलं."